न्हाणीघरातली क्रीमं, डबीवरचं चिन्ह आणि आपला उन्हाळा : अनुभव सांगा

गोदाकाठ (नांदेड)
बाहेर हवा खडखडीत कोरडी, पण न्हाणीघर कायम ओलं. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून पिंप भरून ठेवलेलं, गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल असं, आणि त्याच फळीवर मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सिरम. डबीमागे उघड्या झाकणाचं चित्र, त्यावर '१२ एम'. सासूबाई म्हणतात, हे बनवल्यापासूनचे महिने. मी म्हणते, उघडल्यापासूनचे. तुमच्याकडे काय मोजतात? आणि माल बिघडलेला तुम्हाला कशावरून कळला?

उंबरठा (बीड)
मला झाकणावरून कळलं. क्रीम वरून पांढरीशुभ्र, वासही तोच. झाकण उलटं केलं तर आतल्या कडेला मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके. घरात सगळे आंघोळ झाली की ओल्या हातानेच डबीत बोट घालतात. नवरा म्हणाला, "वरचा थर काढ अन् वापर." मी अख्खी डबी फेकली. महाग होती हो.

वाळूजवाला (छ. संभाजीनगर)
फेकलीत ते बरोबर केलंत. मी सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होतो. बुरशी रोखणारं रसायन क्रीमभर मिसळलेलं असतं, पण वाफेचं पाणी झाकणाला थेंब होऊन बसतं. त्या थेंबात ते रसायन जवळपास नसतंच, वर बोटाची घाण. म्हणून बुरशी बऱ्याचदा आधी तिथे दिसते. ती दिसेपर्यंत धागे खाली क्रीममध्ये उतरलेले असू शकतात, वरचा थर काढून भागत नाही.

चिन्हाबाबत सूनबाई बरोबर. समजा डबीवर 'डिसेंबर २०२६ पूर्वी वापरा' असं आहे आणि १२ एम आहे. एप्रिल २०२५ मध्ये उघडली तर एप्रिल २०२६ ला संपली, छापील तारीख पुढची असली तरी. तीच डबी ऑगस्ट २०२६ मध्ये उघडली, तर मात्र डिसेंबरलाच थांबायचं. जी आधी येईल ती. म्हणून उघडल्याची तारीख बुडाशी मार्करने लिहा. मात्र हे महिने कंपनीने नीट साठवणूक धरून दिलेले असतात, पिंपाशेजारची फळी धरून नाही.

लातूरची लेक
माझ्या डबीवर चिन्हच नाही! मग नकली का?

वाळूजवाला
नाही. युरोपात ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या मालावर हे चिन्ह लागतं. आपल्याकडे वापरायची शेवटची तारीख असते, चिन्ह प्रत्येक डबीवर सापडेलच असं नाही.

कडक_ऊन (परभणी)
एवढं काहून करायलेत? सगळं फ्रीजमध्ये टाका, विषय संपला. मी टाकतो, काही होत नाही.

उंबरठा
सगळं नाही ओ भाऊ. माझी तेलकट क्रीम फ्रीजमध्ये दाणेदार झाली. आणि दिवसातून दोनदा आतबाहेर केलं की गार डबीवर पाणी सुटतं, ते पुन्हा झाकणात. मी आता आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवते. भिंत उन्हाची नाही, एवढंच बघितलं.

वाळूजवाला
क जीवनसत्त्वाच्या सिरमला मात्र फ्रीज चांगला. ते हवेने आणि उष्णतेने पिवळं, मग तपकिरी होतं. फिकट पिवळं चालून जातं, चहासारखं झालं की त्यात काम करणारं फारसं उरत नाही.

आजीचा बटवा (जालना)
माझं खोबरेल हिवाळ्यात घट्ट होतं नि उन्हाळ्यात पातळ. टाकू का?

गोदाकाठ
आजी, ते तर असंच असतं. 🙂 बिघडलं की वास सांगतो. माझं बदामाचं तेल खवट झालं, अगदी जुन्या शेंगदाण्यासारखं. त्यात पाणी नसल्यामुळे बुरशी धरली नव्हती, पण वास सहन होईना.

शेतावरून (हिंगोली)
माझी सनस्क्रीन गाडीच्या डिकीत राहिली. नळी दाबली की आधी पाणी येतं, मग गोळे. हलवल्यावर एकजीव दिसते. लावू?

वाळूजवाला
नको. हलवून एकजीव दिसली तरी उन्हापासून वाचवणारे घटक सारखे पसरलेत का ते डोळ्यांना कळत नाही. एका ठिकाणी थर जाड, दुसरीकडे काहीच नाही, असं होऊ शकतं.

कडक_ऊन
अन् डिकीत राहिली पण पाणी सुटलं नाही, अशी असेल तर?

वाळूजवाला
किती तापली होती आणि किती दिवस, त्यावर आहे. इथून सांगता येणार नाही. मी असतो तर चेहऱ्याला लावली नसती.

लातूरची लेक
माझ्या गालावर बारीक पुरळ आलंय, ते क्रीममुळेच का?

उंबरठा
क्रीम बंद करून बघ, आणि ओसरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. डबी सोबत ने, बुडाशी तारीख लिहिलेली असली तर त्यांना बरं पडतं.

कडक_ऊन
फ्रीजमधल्या भेंडीशेजारी माझी क्रीम अजून शाबूत आहे, एवढं सांगतो. झाकण मात्र आत्ताच उलटं करून बघतो.