प्रतिसाद: काढता येणाऱ्या अर्धवट कवळीत रेस्ट पुढे की मागे?

> "दादरच्या पेशंटला खाली उजवीकडे एकही दाढ नाही, डावीकडे फक्त पहिली दाढ गेलीये. उजव्या दुसऱ्या उपदाढेवर रेस्ट मागे द्यावी का?"

नको. रेस्ट म्हणजे कवळीचा दातावर टेकणारा धातूचा भाग; तो पुढच्या कडेला द्या. केनेडी वर्गीकरणात ही क्लास टू, मॉडिफिकेशन वन: एका बाजूला मागे दातच नाहीत, शिवाय आणखी एक फट. उजवीकडे कवळीला मागून दाताचा आधार नाही, त्यामुळे चावताना ती हिरडीत दबणारच. रेस्ट मागे असेल आणि दात पकडणाऱ्या क्लास्पचं टोक पुढच्या अंडरकटमध्ये, म्हणजे दाताच्या फुगवट्याखाली, तर प्रत्येक घासाला टोक वर उचलून उपदाढेला पीळ देतं; कालांतराने ती हलू शकते. रेस्ट पुढे आणि आय-बार, म्हणजे हिरडीकडून वर येणारा उभा क्लास्प, गालाकडून मधोमध असेल तर टोक खाली सरकून दात सोडतं. डावीकडे दोन्ही बाजूंना दात आहेत, तिथे फटीलगतच रेस्ट द्या. कवळीच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या जिभेकडच्या पट्टीसाठी, म्हणजे लिंग्वल बारसाठी, हिरडीच्या कडेपासून जिभेखालच्या तळापर्यंत साधारण ८ मिमी जागा मोजूनच घ्या. कमी भरली तर बारऐवजी दातांना टेकणारी लिंग्वल प्लेट.