मदत हवी आहे: वर्गातल्या गोंधळाबद्दल पालकांच्या ग्रुपवर नाव न घेता कसं लिहू?

सहावीच्या बाई
मी नागपुरात मानेवाड्याकडच्या एका शाळेत वर्गशिक्षिका आहे. पट ४२. दोन आठवडे झाले, मधल्या सुट्टीनंतरचा गणिताचा तास वाया जातोय. मी फळ्याकडे वळले की बाक वाजतात, प्राण्यांचे आवाज निघतात. सुरुवात तिघं करतात, मग अर्धा वर्ग हसत सुटतो. ग्रुपसाठी हे लिहिलंय:

"मागच्या बाकावरची काही मुलं, त्यात एक यंदाच आलेला, रोज तास बिघडवतात. संबंधित पालकांनी लक्ष द्यावं."

नाव कुठंच नाही, तरी पाठवायला हात धजत नाहीये. काय खटकतंय?

विदर्भवासी
नाव नाही ना, मग पाठवा बाप्पा. आरटीईचं कलम १७ फक्त मारण्याबद्दल आहे.

निवृत्त मुख्याध्यापिका
त्या कलमात मानसिक छळही येतो. तुमचा मेसेज त्यात बसतो असं मी म्हणत नाही, पण "यंदाच आलेला" म्हटलं की अख्ख्या ग्रुपला घर कळतं. "मागचा बाक" तेच करतो. आणि "संबंधित पालक" वाचून ज्यांचा आहे ते म्हणतात, आपला नव्हे. ज्यांचा नाही ती काळजीवाली आई रात्री दहाला फोन करते.

आधी तिन्ही घरी वेगवेगळे फोन करा, एकाला दुसऱ्याबद्दल बोलू नका. ग्रुपवर दुसऱ्या दिवशी, रागाच्या दिवशी नको. मी असं लिहिलं असतं:

"सुट्टीनंतरच्या तासाला वर्ग शांत व्हायला सध्या दहा-बारा मिनिटं जातात, त्यामुळे अपूर्णांकांचा धडा मागे पडलाय. सोमवारपासून पहिली पाच मिनिटं तोंडी गणितं घेईन. घरी सहज विचारा, 'सुट्टीनंतर आज काय झालं?' आपल्या पाल्याबद्दल ग्रुपवर न लिहिता दुपारी ३ नंतर मला फोन करा."

चिंटूचे बाबा
आमच्या ग्रुपवर व्हॅनचा नंबर टाकला होता. त्या व्हॅनमध्ये सहावीचा माझा एकटाच! वाढदिवसाला कुणी बोलावलं नाही त्याला. बाई, शाळेनं व्हॅनवाल्यांचंच काहीतरी केलं पाहिजे.

सहावीच्या बाई
वाईट वाटलं वाचून. मॅडम, कुणी ग्रुपवरच विचारलं, "माझा आहे का त्यात?" तर?

निवृत्त मुख्याध्यापिका
"तुमचा नाही" हे मात्र कधीच लिहू नका. पाचजणांना असं सांगितलं की सहावा गप्प बसला तरी उघडा पडतो. सगळ्यांना एकच उत्तर: "कोणत्याही मुलाबद्दल इथे बोलणार नाही, फोन करा."

विदर्भवासी
त्यापेक्षा सेटिंग बदला, फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं. विषय संपला.

निवृत्त मुख्याध्यापिका
एक संध्याकाळ चालेल. जास्त दिवस ठेवलं तर पालक तुम्हाला वगळून दुसरा ग्रुप काढतात. तिथं मग नावं घेऊनच चर्चा.

सहावीच्या बाई
दोन घरी बोलणं झालं. एक आई म्हणाली, घरी तर तोंडातून शब्द निघत नाही त्याच्या. तिसऱ्याचे वडील फोनच उचलत नाहीयेत, तीन वेळा केला. त्यांच्यासाठी मेसेज थांबवू का?

चिंटूचे बाबा
थांबा. ग्रुपवरून कळलं की फार लागतं.

विदर्भवासी
किती दिवस थांबायचं पण? बाकी पोट्ट्यांचं गणित?