खिद्रापूरच्या गाभाऱ्यात दोन पिंडी, आणि मुलीचा एक प्रश्न

रंकाळाकाठ:
रविवारी सातवीतल्या मुलीला घेऊन खिद्रापूरला गेले होते. बाहेरचे हत्ती, वादक, सुरसुंदरी सगळं बघून झालं. मग गाभाऱ्यात डोकावली आणि म्हणाली, "आई, बाहेर एवढी माणसं कोरली आणि मुख्य देवालाच तोंड नाही?" घरी आल्यावर नवऱ्याने दोन व्हिडिओ दाखवले. एकात पिंड म्हणजे पुरुषाचं ते, दुसऱ्यात चक्क अणुभट्टी. शंकराची मूर्ती न पुजता दगड का पुजतात आणि तो दगड कशाची खूण आहे? मुलीला सांगता येईल असं खरं काहीतरी सांगा.

स्पष्टवक्ता_गंगावेस:
ताई, यात अवघड काही नाही. लिंग म्हणजे खूण. मुलीला व्याकरणातलं पुल्लिंग-स्त्रीलिंग शिकवलंच असेल, तिथे कुठे अवयव असतो? 'खुर्ची' स्त्रीलिंगी आहे म्हणून ती बाई होत नाही. न्यायशास्त्रात धूर हे आगीचं लिंग. धूर दिसला की आग आहे हे कळतं, तसं पिंड दिसली की शिव आहे हे कळतं. तो घाणेरडा अर्थ इंग्रजांनी चिकटवला. १९०० साली पॅरिसच्या धर्मेतिहास परिषदेत विवेकानंदांनी हे खोडून काढलं आणि लिंगाचं मूळ अथर्ववेदातल्या स्कंभात, यज्ञाच्या खांबात आहे असं सांगितलं. विषय संपला.

वहिनी_शाहूपुरी:
चांगला विषय. आमच्याकडे सासऱ्यांनी नर्मदेहून आणलेली पिंड आहे, त्यात जाऊबाई काशीहून दुसरी घेऊन आल्या. घरात दोन चालत नाहीत म्हणतात. पण खिद्रापूरला दोन आहेतच ना? मग आमच्या चालतील का?

मोडीचा_कागद:
वहिनी, घरचं तुमच्या गुरुजींना विचारा, इथला प्रश्न वेगळा आहे. पण खिद्रापूरच्या दोन पिंडींची आठवण काढलीत ते फार बरं झालं, त्यावर येतो.

आधी स्पष्टवक्ता यांना. शब्दाचा अर्थ तुम्ही बरोबर सांगितलात, इंग्रजांचं मात्र पटत नाही. आंध्रात तिरुपतीच्या बाजूला गुडिमल्लम गाव आहे. तिथलं लिंग इसवी सनाच्या आधीचं, साधारण पुरुषभर उंचीचं आणि आजही पूजेत आहे. त्याचा आकार पाहून तो कशाचा आहे हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि त्याच दगडावर पुढच्या बाजूला शिव उभा कोरलेला आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात उपमन्यू लिंगपूजेचं समर्थन करतो तेही आडपडदा न ठेवता. इंग्रज यायच्या कितीतरी आधीचा हा मजकूर आहे.

पण व्हिडिओवाल्याचंही तेवढ्यावर भागत नाही, कारण तो आकार पुढे टिकला नाही. गुप्तकाळानंतरची लिंगं बघत गेलं की अवयवाचे तपशील पुसट होत जातात. शेवटी वरच्या गोल भागावर फक्त बारीक कमानीसारख्या रेषा उरतात. मूर्तिशास्त्रात त्यांना ब्रह्मसूत्र म्हणतात. जुन्या पिंडीवर तेल-पाण्याचा थर नसेल आणि उजेड तिरपा पडत असेल तर त्या दिसतात. म्हणजे ज्या कारागिरांना नख आणि पापणीसुद्धा कोरता येत होती त्यांनी इथे जाणूनबुजून कोरणं कमी करत आणलं. मुलीचा प्रश्न म्हणूनच फार नेमका आहे. खिद्रापूरला बाहेर शेकडो चेहरे आणि आत एकही नाही, हा योगायोग नव्हे.

का, याचं शैवांनी दिलेलं उत्तर असं: शिव मुळात निष्कळ, म्हणजे ज्याला भाग नाहीत, अवयव नाहीत असा. हातपाय-तोंड असलेली मूर्ती सकळ. पिंड या दोघांच्या मधली. तिला आकार आहे पण अवयव नाहीत. लिंगपुराण तर शिवालाच 'अलिंग' म्हणतं, ज्याला खूणच नाही असा, आणि लिंग ही त्याची व्यक्त बाजू. मुलीला दाखवायचं असेल तर जोतिबाला घेऊन जा. एकाच आवारात जोतिबा चार हातांचा उभा आहे आणि शेजारी केदारेश्वराची पिंड आहे. किंवा महाशिवरात्रीला पिंडीवर मुखवटा चढवतात ते दाखवा. तोंड चढवायचं आणि पूजा झाली की उतरवून ठेवायचं.

आता खिद्रापूर. आत दोन लिंगं आहेत, एक कोपेश्वर आणि दुसरं धोपेश्वर. सतीच्या दहनानंतर कोपलेला महादेव तो कोपेश्वर. त्याची समजूत काढायला आलेला विष्णू तो धोपेश्वर. देवळासमोर नंदी नाही, तो यडूरला आहे म्हणतात. आता सांगा, लिंग म्हणजे फक्त शंकराचा अवयव असेल तर इथे विष्णू लिंगरूपात कसा बसला?

खरं_तेच:
तुम्ही शिकलेली माणसं गोल गोल फिरवण्यात पटाईत. पिंडीचं बोलता, शाळुंकेचं का बोलत नाही? खाली योनी, वर लिंग. शेतकरी समाजाची सुफलतेची पूजा आहे ही, यात लाज कसली? पाऊस पडावा म्हणून आजही गावोगाव पिंड पाण्यात बुडवतात. आणि ती धोपेश्वराची गोष्ट नंतर कुणीतरी रचलेली नसेल कशावरून? दोन दगड दिसले, त्यांना दोन नावं दिली. त्यावर एवढा मोठा निष्कर्ष?

मोडीचा_कागद:
कथा नंतरची असू शकते, मान्य. तरी लिंगाला विष्णू म्हणायला इथल्या लोकांना काही अडलं नाही, माझा मुद्दा तेवढाच.

शाळुंकेचं म्हणाल तर पन्हाळ असलेलं पीठ विष्णूच्या मूर्तीखालीही असतं. अभिषेकाचं पाणी बाहेर काढायची ती सोय आहे. पण वेदी म्हणजे उमा आणि लिंग म्हणजे महेश्वर असं पुराणांत लिहिलेलं आहे, त्यामुळे तुमचं म्हणणं मी खोटं ठरवत नाही. माझा आक्षेप 'फक्त' या शब्दाला आहे.

टाकी_हातोडा:
मी पाथरवट, तिसरी पिढी. पुराणातलं मला कळत न्हाई, दगडातलं सांगतो. तुमाला वर जी गोल दिसती ती पिंडीची तिसरी वाटणी. छत्तीस इंचाचा दगड घेतला तर खालचे बारा इंच चौकोनी, ते जमिनीत. मधले बारा इंच अष्टकोनी, ते शाळुंकेच्या पोटात. वरचे बारा इंच गोल, त्याची पूजा. खालचा ब्रह्मा, मधला विष्णू, वरचा रुद्र, असं आज्जा सांगायचा.

आता करायचं कसं बगा. बारा इंची चौकोन घेतला की प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही अंगाला साडेतीन इंचावर खूण करायची आणि कोपरा उडवायचा. अष्टकोन झाला, बाजू पाच-पाच इंचाची. त्याचे कोपरे उडवले की सोळा, त्याचे उडवले की बत्तीस, मग घासून गोल. चौकोनातनं थेट गोलावर जायला गेलं की काळा दगड कलतो, एका अंगाला जास्त निघतोय, मग पिंड फेकून द्यायची. म्हणजे विष्णूवाचून ब्रह्मा-महादेवाची गाठ पडत न्हाई, असं मी गमतीनं म्हणतो. मोडीवाले साहेब बरोबर-चूक सांगतील.

आता बाजारात पिंड-शाळुंका एकाच दगडाची तयार मिळते. खाली काय न्हाईच, सपाट. ओळखायचं असंल तर पिंड शाळुंकेला मिळती तिथं नखानं बगा. खऱ्या बैठकीत जोडाची रेघ असती, लेपानं भरलेली. तो लेप तडकला की अभिषेकाचं पाणी खाली मुरतंय, मुंग्या लागतात, पिंड हलती. एका गावात मी उचलून बगितली, खाली चौकोन होता पण कोनातच बसलेला न्हवता. कुणीतरी सिमेंट ओतून भागवलेलं.

मोडीचा_कागद:
ही समान तीन वाटणी म्हणजे सर्वसम लिंग, इतर प्रकारांत मापं बदलतात. बाकी तुमचं अष्टकोनाचं म्हणणं मला आजवर सुचलं नव्हतं. ग्रंथ तीन भागांना तीन देव देतात, पण हा क्रम घडवतानाच्या टप्प्यांशी जुळतो हे टाकी हातात धरणाऱ्यालाच दिसणार. देव आधी की टप्पे आधी हे मात्र मी छातीठोक सांगणार नाही.

स्पष्टवक्ता_गंगावेस:
म्हणजे वरून गोल आणि खाली चौकोन. हा खांबच झाला की! मी काय म्हणत होतो? आदी-अंत न लागणारा अग्निस्तंभ, ब्रह्मा हंस होऊन वर गेला आणि विष्णू वराह होऊन खाली. तोच खांब.

खरं_तेच:
आणि गुडिमल्लमचं काय? त्यावर अवाक्षर नाही.

स्पष्टवक्ता_गंगावेस:
एका दगडावरून सगळा महाराष्ट्र ठरत नाही.

गडहिंग्लज_अक्का:
मी लिंगायत. आमचं इष्टलिंग गळ्यात असतं, देवळात जायला लागत नाही. मी आठ वर्षांची असताना स्वामींनी दिलं. डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हाताने पूजा करायची. आत दगड असतो म्हणतात, पण वर काळा लेप असतो, वाटोळा आणि गुळगुळीत. पन्हाळ नाही, रेषा नाहीत, काही नाही. बराच वेळ एकटक बघितलं की त्यात आपल्याच डोळ्याचा ठिपका चमकतो. लहानपणी मला वाटायचं आतून कोणीतरी बघतंय. वर जी भांडणं चाललीत त्यातलं एकही माझ्या हातातल्या वस्तूला लागू पडत नाही, म्हणून लिहिलं.

खरं_तेच:
अक्का, तुमचं वेगळं. बसवण्णांनी बाराव्या शतकात देवळातून काढून हातात दिलं ते.

गडहिंग्लज_अक्का:
वेगळं कसं? नाव तेच आहे ना.

स्पष्टवक्ता_गंगावेस:
आणि आपल्या अंबाबाईच्या गाभाऱ्यावरच्या मजल्यावर मातुलिंग आहे ते? आईचं लिंग! तिथे कुठला अवयव काढणार?

मोडीचा_कागद:
थांबा. मातुलिंग म्हणजे म्हाळुंग, देवीच्या हातात असतं ते फळ. वरच्या पिंडीला ते नाव कसं पडलं याच्या निरनिराळ्या गोष्टी सांगतात, पण 'आईचं लिंग' अशी फोड करू नका. आणि अंबाबाईचा दाखला देणारच असाल तर पूर्ण द्या. सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीच्या मस्तकावर काय आहे? नाग, लिंग आणि योनी. तिन्ही शब्द एका ओळीत. तिथे तुमची 'खूण' आणि यांची 'सुफलता' एकाच डोक्यावर बसली आहेत.

वहिनी_शाहूपुरी:
माझ्या दोन पिंडींचं कोणी सांगेना!

रंकाळाकाठ:
सगळ्यांचे आभार. मुलीला अवयवाचं सांगितलं, लपवलं नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, मीच उगाच घाम पुसत होते. तिला आवडला तो चौकोन-अष्टकोन-गोल. साबणाची नवी वडी घेऊन भाजी चिरायच्या सुरीने बसली. अष्टकोनापर्यंत बरं जमलं, सोळाला वडी तुटली. आता विचारते, खालचा चौकोन कधीच कुणाला दिसणार नसेल तर तो नीट कशाला करायचा?

टाकी_हातोडा:
तिला सांगा, खाली गोल ठेवला तर पिंड फिरती. पुजारी रोज हातानं चोळतोय, वर्षात तोंड फिरवून बसंल. चौकोन कोनात धरतोय म्हणून ती जागची हलत न्हाई. आणि साबण ओला करून कापायला सांगा, तुटणार न्हाई.