मदत हवी आहे : दहावी विज्ञान भाग १, तीन गुणांच्या उत्तराची आखणी

मुलगी राज्य मंडळाच्या दहावीत, मराठी माध्यमात आहे. चाळीस गुण आणि दोन तास असल्याने आम्ही आराखड्यावरून गुणामागे अडीच मिनिटे धरली, म्हणजे वाचन आणि तपासणीला वीस मिनिटे उरतात. तरीही प्रश्न तिसऱ्यात, जिथे आठपैकी पाच सोडवून पंधरा गुण मिळतात, ती प्रत्येकी साडेसात मिनिटांऐवजी बारा मिनिटे घेते आणि शेवटचा पाच गुणांचा प्रश्न अर्धवट राहतो. उदाहरणांत सूत्र, किमती आणि एककासह उत्तर अशी विभागणी जमली. अडचण भिंगाच्या किरणाकृतीची आहे. तीन गुणांत आकृती, नावे आणि प्रतिमेचे वर्णन यांना परीक्षक प्रत्येकी किती गुण देतात, आणि किरणांवरील बाण राहिल्यास गुण कापतात का?