गेटवर ‘ओके’ दाबलं म्हणजे सगळ्यालाच संमती दिली का?

पोखरण_रोड_२
आमच्या सोसायटीच्या गेटवर ॲप आहे. येणाऱ्याचं नाव, मोबाईल, फोटो घेतो, कामवाल्या बायका आणि ड्रायव्हर यांचं आधार स्कॅन करून ठेवतो. आता दोनचार मेंबर प्रायव्हसी प्रायव्हसी करत बसलेत. अरे टॅबवर ओके दाबून आत आलात म्हणजे संमती दिलीत, पटत नसेल तर येऊ नका. चोरी झाली की हेच लोक पहिले कमिटीची कॉलर धरणार.

नेरुळकरीण
उत्तर देणार नव्हते, पण ‘पटत नसेल तर येऊ नका’ वाचलं आणि राहवलं नाही. कंपनीत माझं रोजचं काम हेच आहे, त्यामुळे लांबलचक लिहितेय.

लोकांची डिजिटल वैयक्तिक माहिती सांभाळायचा २०२३ चा डीपीडीपी कायदा आहे, त्यातलं कलम ६ चं पहिलं पोटकलम वाचा. संमती मोकळेपणाने, बिनशर्त आणि ठराविक कामासाठी दिलेली हवी, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच वाक्याचा शेवट मात्र कोणी वाचत नाही. ही संमती त्या कामाला जेवढी माहिती लागते तेवढीपुरतीच धरायची, असं तिथे आहे. खाली उदाहरण पण दिलंय. एक बाई टेलिमेडिसिनचं ॲप घेते, ॲप विचारतं की उपचारासाठी तुमची माहिती वापरू का आणि फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट बघू का, ती दोन्हीला हो म्हणते. तरी कॉन्टॅक्ट लिस्टची संमती धरली जात नाही, कारण डॉक्टरशी बोलायला ती लागतच नाही. म्हणजे ओके दाबलं की सगळं आपलं, असं नाहीये.

आता तुमचं गेट घ्या. ७०४ मध्ये पाहुणा आलाय. वॉचमनला काय कळायला हवं? नाव, कुठला फ्लॅट, फ्लॅटवाल्याचा होकार आणि वेळ. मोबाईल नंबर कशाला? होकार विचारायला फोन तुम्ही फ्लॅटवाल्याला करता, पाहुण्याला नाही करत. फोटो म्हणाल तर डोक्यावर सीसीटीव्ही आहेच. आधार तर बघून परत द्यायची गोष्ट आहे, ते बारा आकडे कपाटात ठेवून कुठला चोर सापडलाय आजपर्यंत?

चोरी झाली तर उपयोगी पडेल म्हणता, ठीक आहे, ते पण कारण आहे. मग तसं लिहा आणि किती दिवस ठेवणार तेही लिहा. सीसीटीव्हीचं फुटेज डिस्क भरली की आपोआप जुनं पुसत जातं, त्यात कमिटीला कधी काही गैर वाटत नाही. मग पाहुण्याचा नंबर का म्हणून वर्षानुवर्षं?

माजी_सचिव_माजिवडा
मॅडम कायदा मी पण वाचलाय. एक तर डेटा ॲप कंपनीच्या सर्व्हरवर आहे, जबाबदारी त्यांची, सोसायटीने ॲग्रीमेंट केलंय. दुसरं म्हणजे कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमती लागतच नाही, मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून कामगाराची माहिती घेता येते. कामवाल्या त्यात येतात. आणि पोलीसच सांगतात की नोकरांची माहिती ठेवा. सात वर्षं सचिव होतो, मला शिकवू नका.

नेरुळकरीण
शिकवत नाहीये, पण तिन्ही गोष्टी अर्ध्याच सांगितल्यात तुम्ही. माहिती कशासाठी आणि कशी घ्यायची हे सोसायटी ठरवते, ॲपवाला तिच्यासाठी काम करतो, आणि कलम ८ ची सुरुवातच आहे की करारात काहीही लिहिलेलं असो, जबाबदारी ठरवणाऱ्याचीच. नोकरीचं कलम मालकासाठी आहे. मावशींना पगार ७०४ वाली देते, सोसायटी नाही, मग सोसायटी मालक कधी झाली? आणि पोलीस स्टेशनला माहिती कळवणं वेगळं, तीच माहिती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कायमची ठेवणं वेगळं, जिथे पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो.

ऐरोली_स्टेशनजवळ
पासवर्डचं सोडा, आमच्याकडे काय झालं ते सांगते. आमच्या विंगमध्ये एक ताई स्वयंपाकाला येतात, नवऱ्याला सोडून दोन मुलांना घेऊन वेगळ्या राहतात. गेटपास काढायला त्यांचं आधार घेतलं, मुलांच्या शाळेसाठी त्यांनी त्यावर नवा पत्ता घालून घेतला होता. कमिटीतल्या एकाने चांगल्या मनानेच असेल, त्या कार्डाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की पोळ्यांसाठी चांगली बाई आहे, कोणाला हवी असेल तर सांगा. ग्रुपमधून तो फोटो बाहेर कसा गेला देव जाणे, पण आठवड्याभरात नवरा त्या पत्त्यावर दारात उभा. त्यांना रातोरात खोली बदलायला लागली. कार्ड घेतलं होतं गेटपाससाठी आणि वापरलं जाहिरातीसाठी. मी मीटिंगमध्ये उठून विचारलं तर उत्तर आलं, तिने स्वतःच दिलं होतं ना. तेव्हापासून ‘स्वतःच दिलं’ ऐकलं की माझं डोकं फिरतं.

वाशी_सेक्टर_९
मला पण सेम प्रॉब्लेम आहे, एका दुकानात बिलासाठी नंबर दिला आणि तेव्हापासून दिवसरात्र लोनचे कॉल येतायत. डीएनडी टाकूनही थांबत नाहीत. ह्या कायद्यात कुठे तक्रार करायची?

नेरुळकरीण
तुमचा विषय वेगळा आहे पण उत्तर त्याच वाटेवर आहे. कायद्यात औषधाच्या दुकानाचं उदाहरण आहे, बिल मेसेजवर पाठवा म्हणून नंबर दिला तर तो बिल पाठवायला वापरता येतो. लोनवाल्याला द्यायला नाही. नंबरशिवाय बिल देत नाही ही अडवणूक करू नका असं केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय. तक्रार आधी त्या दुकानाकडे लेखी करायची, तिथे दाद लागली नाही तर डेटा प्रोटेक्शन बोर्ड. पण तो रस्ता पूर्ण उघडायला २०२७ उजाडणार. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमांना अठरा महिने दिलेत.

कोपरी_पूर्व
हेच, हेच बोलायला आलो होतो. नागरिकाला हक्क द्यायला अठरा महिने, आणि नागरिकाचा हक्क काढायला एक दिवस पण नाही. ह्याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकाराचं ८(१)(जे) बदललं, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच लागू. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा उगाच कोणाच्या खाजगीपणावर घाला येतो, असं काही कारण तरी लागायचं, आणि व्यापक जनहित असेल तर तरीही द्यावी लागायची. आता फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलंय. मी रस्त्याच्या कामाची मोजणी कोणी केली, सही कोणाची हे विचारलं, उत्तर आलं वैयक्तिक माहिती आहे. खड्डा सार्वजनिक आणि सही करणारा खाजगी? तुम्ही लोक ह्या कायद्याच्या आरत्या ओवाळताय म्हणून संताप येतो.

नेरुळकरीण
आरती कोणी ओवाळत नाहीये. माहिती अधिकाराचं ८(२) अजून आहे, जनहित जास्त मोठं असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो, अपिलात ते मांडा.

कोपरी_पूर्व
‘देऊ शकतो’ आणि ‘द्यावी लागेल’ यातला फरक ज्याने टेबलापुढे उभं राहून भोगलाय त्याला विचारा. जनहित मोठं आहे हे आता मी पटवायचं आणि तोलणार तोच, ज्याच्या साहेबाची सही लपवायची आहे.

माजी_सचिव_माजिवडा
माहिती अधिकारवाल्यांनी पण कमी त्रास दिलेला नाही. घरगुती भांडणात सुनेची पगार स्लिप काढायला अर्ज करणारे मी पाहिलेत. थोडा चाप बसला ते बरंच झालं.

कोपरी_पूर्व
तुमच्यासारख्या सचिवांना बरंच वाटणार. सहकार कायद्याखाली मेंबरला कागद बघायचा हक्क आहे तरी आमच्याकडे सभासदांचं रजिस्टर मागितलं की ‘डेटा प्रोटेक्शन’ म्हणून हात वर करतात. मेंबरला रजिस्टर दाखवायचं नाही आणि मोलकरणीचं आधार व्हॉट्सॲपवर टाकायचं, हे तुमचं डेटा प्रोटेक्शन.

माजी_सचिव_माजिवडा
तोंड सांभाळून. ग्रुपवर टाकणारा मी नव्हतो आणि रजिस्टर मी कोणाला नाकारलेलं नाही. कमिटी फुकट काम करते, रात्री अकराला पाणी नाही म्हणून फोन येतात, त्याचं पण बोला कधीतरी.

वाघबीळकर
भांडण थांबवा जरा. कोपरीवाल्यांचं एक बरोबर आहे, सोसायटीने हा कायदा पुढे करून रजिस्टर नाकारणं चूक आहे, दुसऱ्या कायद्याने जे दाखवायला लागतं ते दाखवायलाच लागतं. पण नेरुळकरीण ताई, तुमच्या ‘काम झालं की पुसा’ला एक अडचण आहे. डीपीडीपीचं कलम ८ पुसा म्हणतं, आणि २०२५ च्या नियमांत माहिती आणि लॉग किमान एक वर्ष ठेवा असंही आलंय, सरकारला मागता यावेत म्हणून. मी आयटीत आहे, आमच्याकडे यावर रोज वाद चालतात. मग पाहुण्याची नोंद महिन्यात पुसायची की वर्षभर ठेवायची?

नेरुळकरीण
हे तुम्ही खरं दुखणं काढलंत. त्या नियमाने कायद्याच्या मूळ विचारालाच छेद दिलाय असं माझं मत आहे, आणि छोट्या सोसायटीने तो कसा पाळायचा याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण त्यातूनच उलट निघतं की घेतानाच कमी घ्या. जो नंबर घेतलाच नाही तो ना ठेवायला लागत, ना पुसायला, ना फुटायची भीती. आणि कागदी वहीत नाव लिहून घेतलं, स्कॅन करून कुठे चढवलं नाही, तर हा कायदा त्या वहीला लागूच होत नाही.

पोखरण_रोड_२
म्हणजे ॲप काढून वही आणायची? २५० कोटी दंडाच्या बातम्या वाचून लोक घाबरवतायत, तुमचाही सूर तोच.

नेरुळकरीण
२५० कोटी ही वरची मर्यादा आहे, ती पण माहिती सांभाळण्यात कसूर केली तर. बोर्ड चूक किती मोठी, किती वेळा झाली ते बघून ठरवणार, सोसायटीला कोणी २५० कोटी लावणार नाही. माझी तक्रार उलटी आहे. दंड सरकारजमा होतो, ऐरोलीच्या त्या ताईंना खोली बदलायचा खर्च यातून मिळत नाही. आयटी कायद्यातलं भरपाईचं ४३ए पण ह्याच कायद्याने जाणार आहे.

ॲप ठेवा. नंबरचा रकाना सेटिंगमध्ये बंद होतो का ते बघा, नसेल तर कंपनीला मेल टाका. आधार हवंच असेल तर मास्क्ड मागा, यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पण पत्ता त्यावरही असतो, म्हणून बघा आणि परत द्या, साठवू नका. आणि टॅबवर मराठीत लिहा काय घेतो, कशासाठी, कधी पुसतो. नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागायचा हक्क कायद्याने दिलाय, मावशींना इंग्रजी पान दाखवून ओके घेणं ही संमती नाही.

पोखरण_रोड_२
आधारच्या स्कॅनचं फोल्डर काढायला सांगतो, ऐरोलीचा किस्सा वाचून तेवढं मान्य करावंच लागेल. नंबरचं कमिटीत मांडतो. फोटो मात्र राहणार, मागे एक जण खोटं नाव सांगून आत घुसला होता आणि कॅमेऱ्यात त्याची टोपीच दिसत होती.

ऐरोली_स्टेशनजवळ
फोल्डर काढाल, पण वॉचमनच्या आणि कमिटीवाल्यांच्या फोनमध्ये जे फोटो पडलेत त्यांचं काय? तेही काढायला लावा, आणि बॅकअपमधले पण.

नेरुळकरीण
पोखरणवाले, फोटोचं तुमचं कारण मला पटतं. मग तेच कारण टॅबवर लिहा आणि पुसायची तारीख एजीएममध्ये ठरवून घ्या. वर्षभराच्या नियमाचं मी ऑफिसात पुन्हा विचारते, वाघबीळकर, तुमच्याकडे काय ठरतं तेही टाका इथे.