ओशाळणे, वरमणे, अवघडणे

"एम्बॅरस्डला मराठीत 'लाजणे' सोडून दुसरा शब्दच नाही का?"

आहेत की, चांगले चार-पाच आहेत. फक्त प्रसंग बघून निवडावे लागतात. समजा, मित्राची नक्कल करताना तो मागेच उभा आहे हे कळलं. तिथे तुम्ही ओशाळता किंवा खजील होता. 'लाजलो' म्हटलंत तर ऐकणारा भलताच अर्थ घेईल. त्याने तिथल्या तिथे सुनावलं आणि तुमचा आवाज खाली आला, तर वरमलात. पण तो काहीच न बोलता नेहमीसारखा प्रेमाने वागू लागला, की कानकोंडं होतं, नजर मिळवता येत नाही. (माझ्या मते हा यातला सगळ्यात नेमका शब्द, आणि हल्ली सगळ्यात कमी वापरला जाणारा.) चारचौघांत कौतुक झालं तर मात्र यातला एकही चालत नाही, तिथे संकोचच.

ऑकवर्डला 'अवघडल्यासारखं होणं' चपखल बसतं, पण माणसापुरतंच. ऑकवर्ड शांततेसाठी 'कुणालाच काही बोलायला सुचेना' असं सरळ लिहावं. होमसिकला 'करमत नाही' जवळचं, पण ते कंटाळ्यालाही चालतं. म्हणून 'घरच्या आठवणीने करमत नाही' असं पुरतं म्हणावं लागतं.