दोन दगडांवर पाय, आणि रिझ्युमे एक की दोन?

मूळ पोस्ट: "शिकवणं आणि लिहिणं एकाच रिझ्युमेत टाकलं की शाळावाले म्हणतात पळून जाईल, प्रकाशक म्हणतात मास्तर आहे. सरळ दोन रिझ्युमे करा. एकात दुसऱ्याचा उल्लेखही नको."

वऱ्हाडी दप्तर: उल्लेखही नको? समजा दारव्ह्याच्या एक बाई आहेत. कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, शिवाय पुरवणीत सदर आणि बियाण्यांच्या माहितीपुस्तिका. लेखन गाळलं तर उन्हाळ्यात तासिका बंद असतात ती भोकं उघडी पडतात. शिकवणं गाळलं तर प्रकाशक विचारतो, इतकी वर्षं काय केलं? एकाच रिझ्युमेत 'अध्यापन' आणि 'लेखन' असे दोन मथळे करा. शाळेला पाठवताना अध्यापन वर, चार-पाच ओळी. लेखन खाली, दोनच ओळी आणि त्याही शाळेच्या कामाच्या: वार्षिकांकाचं संपादन, कृतिपत्रिका. प्रकाशकाला उलट. बदलतो तो क्रम आणि नावाखालची ओळ. तारखा कधीच नाही.

कोरी पाटी: एवढं कशाला? प्राध्यापक भरतीत प्रकाशनांना गुण असतात. सदरं, लेख सगळं एकाच 'प्रकाशने'मध्ये टाका.

वऱ्हाडी दप्तर: अर्धं बरोबर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या छाननीत शोधनिबंधाला प्रत्येकी २ गुण, विद्यापीठात कमाल १०, महाविद्यालयात ६. पुरवणीतल्या सदराला शून्य. दोन्ही एकत्र कालवलं की छाननी करणारा खऱ्या निबंधाकडेही संशयानं बघतो. 'शोधनिबंध' वेगळे, 'वृत्तपत्रीय लेखन' वेगळं.

कोरी पाटी: बरं गुरुजी, शून्य तर शून्य.

संत्रावाला: काहून डोकं खाता बाप्पा! पवित्र पोर्टलवर रिझ्युमे मागते कोण? टेटचे २०० पैकी किती ते बघते. आन् संस्थेत तर पाकीट बघते. माह्या भाच्याले थेट आकडाच सांगितला.

खडू-डस्टर: खरंय! आणि तासिकेचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, त्यावर धागा काढा ना कुणीतरी!

संत्रावाला: काढला तर पुढच्या सत्रात तासिकाच देत नाही, राज्या!

मूळ पोस्टवाला: विषय रिझ्युमेचा आहे, पाकिटाचा नाही. आणि दप्तरभाऊ, 'जून २०२१ ते आजपर्यंत' असं दोन्हीकडे लिहिलं की दोन पूर्णवेळ नोकऱ्या दिसतात, त्याचं काय?

वऱ्हाडी दप्तर: तसं लिहायचंच नाही. 'तासिका तत्त्वावर, आठवड्याला १२ तासिका' आणि सत्रं वेगवेगळी: २०२१-२२, २०२२-२३. अनुभव प्रमाणपत्रावर तेच असतं. सलग दाखवलं तर पडताळणीच्या दिवशी अडकता. लेखनापुढे 'मुक्त, कामानुसार'. पोर्टलचं मात्र संत्रावाल्याचं बरोबर, तिथं याचा उपयोग नाही. हे सीबीएसई शाळा, स्वयंसेवी संस्था, प्रकाशक यांच्यासाठी.

मूळ पोस्टवाला: मान्य, तारखांपुरतं. पण सदर राजकीय असेल आणि संस्थाचालक आमदाराचा माणूस असेल, तर ती ओळ ठेवता का?

खडू-डस्टर: टोपणनावानं लिहा.

वऱ्हाडी दप्तर: मग प्रकाशकाला दाखवणार काय?